स्कार्फखालची वेणी

माझ्या गळ्यातल्या गाठीत दोन केंद्रकांच्या राक्षसी पेशी नव्हत्या. त्या हॉजकिन नावाच्या कॅन्सरची खूण. माझा लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, वेगळा, हळू चालणारा. डॉक्टर म्हणाले, "झपाट्यानं वाढणारे पुष्कळदा औषधानं पुरते बरे होतात. हा सहसा समूळ जात नाही, पण त्रास नाही तोवर औषधही नको. फक्त लक्ष ठेवू."

ओपीडीच्या बाकावर सगळी बोडकी डोकी. माझी दाट वेणी मलाच टोचायची. म्हणून मी ती गुंडाळून स्कार्फ बांधायला लागले. शेजारी हुडकेश्वरची एक मुलगी बसायची. तिला त्या राक्षसी पेशींचा हॉजकिन होता. किमोच्या मळमळीवर आणलेली आल्याची वडी ती मलाही द्यायची आणि मी मुकाट्यानं खायचे.

काल ती स्कार्फ न बांधताच आली. स्कॅन स्वच्छ आला होता, डोक्यावर बोटभर केस होते.

"मावशी, तुमचे आले का? दाखवा न!" म्हणत तिनं माझ्या स्कार्फची गाठ सोडली. वेणी कमरेपर्यंत सुटली.

ती बघतच राहिली. "मंग तुम्हाले काही झालंच नव्हतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आनंद होता. लाजेनं मेल्यागत होऊन मी खोटंच म्हणाले, "नाही, काहीच नव्हतं झालं."