न वाचलेला खुलासा

नगरच्या ज्या जिल्हा दैनिकात मी ग्रामीण डेस्क पाहत होतो, तिथे कोणावर विश्वास ठेवायचा नाही हे पहिल्या आठवड्यातच शिकवले जाई. वार्ताहराने "समजते" लिहिले की विचारायचे, कोणाकडून समजते. "ग्रामस्थांत संताप" लिहिले की विचारायचे, किती ग्रामस्थ. ही सवय चांगली आहे, असे मला आजही वाटते. त्या वेळी तिचा वापर मी कसा केला, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या वार्ताहराने एक बातमी पाठवली. गावाला आलेला पाण्याचा टँकर सरपंचाच्या फळबागेत रिकामा झाल्याचे त्यात होते. दोन गावकऱ्यांची नावे होती, फोटो होता. सरपंचाची बाजू मात्र नव्हती. मी फोन करून ती घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पान छपाईला गेले तोपर्यंत काही आले नाही, म्हणून "संपर्क होऊ शकला नाही" हे नेहमीचे वाक्य शेवटी जोडून मी बातमी सोडली.

आठवड्याने वकिलाची नोटीस आली. सरपंचाचे म्हणणे असे की टँकर बागेत उभा होता, कारण गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह तुटला होता. पंचायतीचा ठराव आणि दुरुस्तीचा कागद आपण पान जाण्याच्या दिवशीच वार्ताहराला दाखवला होता. वार्ताहर म्हणत होते की हे सगळे आपण त्याच संध्याकाळी पाठवले. आम्ही म्हणत होतो, आलेच नाही.

संपादकांनी दोघांना समोर बसवले. वार्ताहर माझ्याहून वयाने मोठा, बावीस वर्षे आमच्यासाठी लिहिणारा. त्यांचे ओळखपत्र टेबलावर ठेवलेले होते. ते त्यांनी स्वतः काढून ठेवले की संपादकांनी मागून घेतले, हे मला माहीत नाही.

"पाठवलं असेल तर दाखवा," संपादक म्हणाले. "नसेल तर उद्यापासून कर्जत दुसरा माणूस बघेल. नोटिशीच्या उत्तरात मला काहीतरी एक लिहायचंय."

"पाठवलं हुतं, साहेब. टायपिंगच्या दुकानातून पाठवलं. घरची लाईट गेल्ती."

"दुकानदाराकडे फाइल असेल."

"न्हाई. त्यो रोज संध्याकाळी समदं पुसतो. लोकांचे दाखले असत्यात त्यात."

फार सोयीचे उत्तर, असे माझ्या मनात आले. वार्ताहर आणि सरपंच एकाच आळीतले, हे मला ठाऊक होते. बातमी छापून झाल्यावर गावात ओढाताण झाली असणार आणि मग खुलासा रचून "आधीच पाठवला होता" म्हणायचे ठरले असणार, असा मी हिशेब मांडला. संपादकांना तो बोलून दाखवला नाही. पण चेहऱ्यावर दिसत असावा, कारण वार्ताहर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमाला काय वाटतंय ते कळतंय मला."

वार्ताहरांच्या बातम्या ईमेलने येत नसत. ऑफिसच्या पानावर फाइल चढवायची की ती सर्व्हरवरच्या त्या-त्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये पडायची. पोच मिळत नसे. सर्व्हर सांभाळणारी मुलगी भिंगारहून येई. तिचे वडील लष्करी कार्यालयात कारकून होते, आणि कागद जागेवर नसेल तर तो कोणी तरी उचललेला असतो, हा घरचा धडा ती आमच्याकडे घेऊन आली होती. संपादकांनी तिला बोलावून सांगितले, शोध. आम्ही दोघे तिच्यामागे उभे राहिलो. मी उभा राहिलो तो वार्ताहर तिला काही सुचवतील की काय म्हणून. ते कशासाठी उभे राहिले, ते उघड होते.

तिने आज्ञा टाईप करायचा काळा पडदा उघडला आणि गावाचे नाव टाकून ओळ लिहिली:

grep -rl 'गावाचे नाव' .

नावाच्या जागी खरे नाव होते. "ह्या फोल्डरपासून खाली जेवढे फोल्डर आहेत, त्यातली प्रत्येक फाइल आतून वाचेल," ती म्हणाली. "जिच्यात हे नाव सापडेल तिचं फक्त नाव दाखवेल."

गेल्या दोनेक वर्षांच्या बऱ्याच फाइल्स आल्या. त्या दिवसांतली एकच, वार्ताहरांची पहिली बातमी. तिने 'व्हॉल्व्ह' शोधला. पारनेरची एक जुनी बातमी आली, दुसरे काही नाही. 'फळबाग' शोधले. त्या दिवसांतली पुन्हा पहिली बातमीच.

"बघा," मी म्हणालो. एवढेच म्हणालो.

"काय बघा?" वार्ताहर म्हणाले. "कुणीतरी काढून टाकली आसंल तर कशी दिसंल?"

"कोण काढेल?"

"हितं बसनारंच कोनीतरी."

मुलगी वळली. "काका, माझ्यावर आलं तर मी राजीनामा देईन. डिलीट करायची परवानगी डेस्कला पण आहे."

ती हे बोलली तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हती. पाहिले असते तर झोंबले असते, त्याहून ते मला जास्त झोंबले. तिघेही आता एकमेकांच्या हातांकडे लक्ष ठेवून होतो.

तिने कर्जतच्या फोल्डरमध्ये जाऊन find -type f -mtime -12 लिहिले. म्हणजे गेल्या बारा दिवसांत आलेल्या किंवा बदललेल्या फाइल्स, आत काय लिहिलेय ते न पाहता. यादी छोटी होती. तीत ती फाइल नव्हती.

वार्ताहर खुर्चीत बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दुकानात जुनाच फॉन्ट. हात बसंना. दीड तास लागला मला."

मुलीचे बोट कीबोर्डवर थांबले. "कोणता जुना?"

"आपल्याकडं आधी हुता त्यो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. दुकानातून पाठवलं म्हणलं."

सांगितले होते. मी ते सबब म्हणून ऐकले होते.

आमच्यासारख्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना हे माहीत असते, आणि नेमके म्हणूनच विसरले जाते. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलीत मराठी नसते. तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे युनिकोडवर, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीवर, आलो आणि डेस्कच्या संगणकांतून जुना फॉन्ट काढून टाकला. grep फाइलीत जे साठवलेले असते तेच वाचतो. त्याला फॉन्ट दिसत नाही. युनिकोडमधले गावाचे नाव तो जुन्या फॉन्टच्या फाइलीत जन्मभर शोधत राहिला तरी सापडणार नाही.

मुलीच्या संगणकावर जुन्या अंकांसाठी तो फॉन्ट ठेवलेला होता. तिने वार्ताहरांची त्याच गावची एक जुनी बातमी काढली, गावाचे नाव निवडले आणि काळ्या पडद्यावर चिकटवले. नावाचे सात-आठ इंग्रजी वळवळे झाले, त्यात एक चौकोनी कंस. पहिल्याच वेळी grep ने तक्रार केली, कंस उघडलाय, बंद कुठे?

"तो ह्याला शोधायचा नमुना समजतोय," ती म्हणाली. "-F दिला की जसं आहे तसं शोधेल."

जुन्या अंकांतून ढीगभर फाइल्स येऊ नयेत म्हणून तिने दोन्ही जोडले. आता ती एका तालुक्यात नव्हती, सगळ्या सर्व्हरच्या मुळाशी गेली होती. गेल्या बारा दिवसांतल्या फाइल्स find ने गोळा करायच्या आणि एकेक grep च्या हाती द्यायच्या:

find . -type f -mtime -12 -exec grep -lF '…' {} +

टिंबांच्या जागी ते वळवळे. तिने बटण दाबले. मी, खरे सांगायचे तर, काही येऊ नये म्हणून उभा होतो.

एक ओळ आली.

फाइलीच्या नावाआधी फोल्डरांची वाट लिहून येते. त्या वाटेत पहिले नाव 'डेस्क' होते, दुसरे माझे, तिसरे 'खराब'.

वार्ताहरांना ती ओळ वाचता आली की नाही, मला कळले नाही. इंग्रजी होती, अक्षर बारीक होते. त्यांनी विचारले, "घावली का?"

'खराब' हे फोल्डर मीच केले होते. पान लावण्याच्या गडबडीत जी फाइल उघडल्यावर नुसता इंग्रजी कचरा दिसेल, ती अर्धवट चढलेली आहे असे समजून तिथे ढकलायची आणि वार्ताहराला फोन करून पुन्हा मागवायची, अशी माझी पद्धत होती. ढकलणे रोज व्हायचे. फोन करणे कधी कधी राहून जायचे. त्या संध्याकाळी राहिले.

"वेळ बघ," मी तिला म्हणालो. त्याही क्षणी मला एक आशा होती: फाइल पान गेल्यानंतरची असेल.

तिने फाइलीची वेळ दाखवणारे ls -l लावले. संध्याकाळचे पाच चाळीस. पान साडेनऊला गेले होते.

"ही वेळ मी हलवली तेव्हाची असेल ना?"

"नाही सर. नुसती हलवली तर ही वेळ बदलत नाही. उघडून सेव्ह केली तर बदलते. ही चढली तेव्हाचीच आहे." मग म्हणाली, "मी प्रिंट काढतेय. वाटेसकट."

प्रिंट कोणाच्या हातात द्यायची, हे तिने विचारले नाही. तीन काढल्या. एक वार्ताहरांना, एक मला, एक स्वतःच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरला कुलूप घातले. कुलूप कोणासाठी होते, हे खोलीत सगळ्यांना समजले.

माझी प्रत घेऊन मी संपादकांकडे गेलो. फाइल सापडली, वेळेत आली होती, माझ्या फोल्डरमध्ये होती, मी वाचली नव्हती, असे चार वाक्यांत सांगितले. "फाइल उघडली नाही" असे सांगता आले असते. उघडली होती.

"तू मुद्दाम बाजूला ठेवलीस असं तो म्हणाला तर?" संपादकांनी विचारले.

"तर तसं म्हणायला त्यांना जागा आहे."

दिलगिरी दुसऱ्या दिवशी बातमीच्याच जागी, बातमीच्याच आकारात आली. सरपंचाचा खुलासा पूर्ण छापला. तो मी टाईप करून घेतला तेव्हा पहिल्यांदा वाचला. स्वच्छ लिहिलेला होता. ठरावाचा क्रमांक होता, व्हॉल्व्ह बसवणाऱ्याचे नाव होते. शेवटी वार्ताहरांनी कंसात डेस्कसाठी लिहिले होते: मिळाल्यावर फोन करावा.

ओळखपत्र त्यांना त्याच दिवशी परत मिळाले. ते घेताना त्यांनी ते उलटून पाहिले, जणू मागे काही लिहिले असावे.

डेस्कवर जुना फॉन्ट पुन्हा बसवला गेला आणि 'खराब' फोल्डर मी काढून टाकले. कर्जतच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या, पण प्रत्येक दोनदा चढलेली असे, आणि दहा मिनिटांत फोन येई.

"मिळाली?"

"मिळाली."

"पहिली वळ वाचून दाखवा."

मी वाचून दाखवत असे. मी ते ऑफिस सोडेपर्यंत एकदाही त्यांनी ते विचारायचे चुकवले नाही.