झोपलेले फॉलोअर्स

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. चपलांच्या कंपनीचं पेज तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. जुन्या बक्षीस-स्पर्धेत जमलेले दोन लाख फॉलोअर्स केव्हाच झोपी गेले होते. पोस्ट जेमतेम पाच हजारांपर्यंत पोचायची, पण त्यातले चारशे जण हमखास लाइक किंवा कमेंट करायचे.

आता नवा डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा तक्ता, इतर कंपन्यांच्या पेजशी आपोआप तुलना करणार होता. पेज तळाला राहिलं, तर साहेब ते बंद करणार होते.

"चारशेला रीचच्या पाच हजारांनी भाग ना, आठ टक्के येतात," मावशी डॅशबोर्ड तयार करणाऱ्याला म्हणाली.

"इतरांचा रीच आपल्याला दिसत नाही, मावशी. फॉलोअर्स सगळ्यांचे दिसतात, म्हणून भागायचं त्यांनीच. तुम्हाला एक माप, त्यांना दुसरं, असं कसं करू?"

"म्हणजे झोपलेल्यांचं ओझंही माझ्याच डोक्यावर."

मग त्याने तिचे आठ टक्के दुसऱ्या टॅबवर वेगळे मांडले.

साहेबांनी पहिलाच टॅब पाहिला. चपलांचं पेज शून्य पूर्णांक दोन टक्क्यांवर, सगळ्यांत खाली होतं.

पासवर्ड सोपवण्याआधी मावशीने उरलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर दिलं, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जावं तसं.