टेपचं दुसरं टोक

वीस वर्षं सुताराच्या टेपचं दुसरं टोक बायकोच धरायची आणि प्रत्येक मापाला "पुन्हा मोजा" म्हणून भांडायची. "तुला काय कळतं!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. गेलं वर्षभर मात्र तिचं एकच, "तुम्ही म्हणाल तसं." सुतार मिशीत हसून मित्रांना सांगायचा, "आमची तोफ थंडावली बरं का!"

मग त्याने घरच्याच स्वयंपाकघरासाठी कपाट केलं. बसवायला गेला, तर बोटभर जास्त भरलं. दोन भिंतींच्या मधे शिरेना.

"माप चुकलेलं तुला दिसलं नाही?" तो खेकसला.

"दिसलं होतं."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

ती भुसा झाडत म्हणाली, "भांडायचे, तेव्हा हे घर मला माझं वाटायचं."