दोन्ही नावांचं पत्र

आमच्या संस्थेचं नाव बदललं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद फ्लेक्सवाल्याला झाला आणि सगळ्यात जास्त वैताग मला. मी वाटूरजवळच्या एका खासगी शाळेत कारकून आहे. शिक्षक मंडळी मला भाऊसाहेब म्हणतात, आणि काम अडलं की जरा जास्तच प्रेमाने म्हणतात. संस्थेच्या जुन्या नावात गावाचं नाव होतं, नव्यात संस्थापकांच्या आईचं आलं. धर्मादाय कार्यालयाची मंजुरी मिळाली, अध्यक्षांनी पेढे वाटले आणि माझ्या तोंडातला पेढा संपायच्या आत मुख्याध्यापक सर म्हणाले, “भाऊसाहेब, आता जुनं नाव कुठंबी दिसलं न्हाई पाहिजे. अध्यक्षांना राग येतो.”

फाइलींना हात लावण्याआधी मी एक शहाणपणाचं काम केलं होतं. नाव बदलल्यावर बँकेने विचारलं, हे कोण नवे? म्हणून मी एक पत्र तयार केलं होतं. अमुक या संस्थेचं नाव बदलून तमुक असं झालं आहे, दोन्ही संस्था एकच आहेत, जुन्या नावाने झालेल्या नेमणुका आणि दिलेले दाखले ग्राह्य धरावेत. खाली मंजुरीचा क्रमांक, सही आणि गोल शिक्का. आम्ही त्याला ‘दोन्ही नावांचं पत्र’ म्हणायचो. बँकेने ते घेतलं, मान डोलावली आणि खातं चालू राहिलं. पत्राचा नमुना मी बाकीच्या परिपत्रकांच्या फोल्डरमध्येच ठेवून दिला, कारण माझ्याकडे फोल्डर एकच आहे आणि त्याचं नाव ‘सर्व’.

त्या ‘सर्व’मध्ये खरोखरच सर्व होतं. पालकसभा, सहल, घटक चाचणी, शिष्यवृत्ती, पोषण आहार, गणवेश, पाण्याची टाकी धुण्याबद्दलची सूचना. अशा शेकडो फाइली, आणि प्रत्येकीत वर, खाली, मध्येच कुठेतरी संस्थेचं जुनं नाव. पहिल्या दिवशी मी एकेक उघडून बदलत बसलो. दुपारपर्यंत मान धरली आणि संस्थापकांच्या आईबद्दल मनात वाईट विचार यायला लागले. शेवटी संगणकाच्या सरांना चहा पाजला. त्यांनी एक छोटा मॅक्रो लिहून दिला. बटण दाबलं की तो फोल्डरमधली एकेक फाइल उघडणार, जुनं नाव शोधणार, त्या जागी नवं टाकणार, जतन करणार आणि पुढची फाइल घेणार. पहिल्या वेळी पानाच्या माथ्यावरची नावं तशीच राहिली, कारण माथा वेगळा शोधावा लागतो. सरांनी तेवढं दुरुस्त केलं आणि आम्ही तो पुन्हा चालवला. मी खुर्चीला टेकून बघत होतो. फाइली उघडत होत्या, मिटत होत्या आणि पगार मला मिळणार होता.

झाल्यावर मी तपासलंही. अगदीच निष्काळजी माणूस नाही मी. पाच-सहा फाइली उघडून पाहिल्या. मग अख्ख्या फोल्डरमध्ये जुनं नाव शोधलं. एकदाही सापडलं नाही! मी मुख्याध्यापक सरांच्या केबिनमध्ये जाऊन छातीठोकपणे सांगितलं, “साहेब, औषधाला बी शिल्लक न्हाई.” सरांनी पाठ थोपटली. स्टाफरूममध्ये सांगितलं की आमचे भाऊसाहेब म्हणजे बिलकुल कॉम्प्युटर. मी हवेत.

एका तरी फाइलीत जुनं नाव शिल्लक राहायलाच हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आजही हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

आमच्याकडे एक मॅडम आहेत. आष्टीहून येतात, परतूरला गाडी बदलून. विज्ञान शिकवतात. विनाअनुदानित तुकडीवर त्यांची बरीच वर्षं गेली आहेत, म्हणजे काम पूर्ण शिक्षकाचं आणि मोबदला असा की विचारू नये. माझ्या मुलीला प्रकाशाचं परावर्तन कळलं ते त्यांच्यामुळे. त्यांनी जालन्याच्या एका अनुदानित शाळेत अर्ज केला होता. जागा एकच होती. परीक्षेत त्या वर होत्या, मुलाखत आणि कागदपत्रांची तपासणी तेवढी उरली होती, आणि त्यात अनुभवाला गुण होते. वयाची अट पाहता पुढच्या वेळी अर्ज करता येईल असं नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसत हसत.

त्यांची अडचण सरळ होती. नेमणुकीचा आदेश जुन्या नावाचा आणि अनुभवाचा दाखला मी आत्ता दिलेला, नव्या नावाचा. समोरचा माणूस म्हणणार, बाई, तुम्ही नोकरी एकीकडे केली आणि दाखला दुसरीकडून आणला. म्हणून त्या दोन्ही नावांचं पत्र न्यायला आल्या.

मी नमुना उघडला, त्यांचं नाव आणि जावक क्रमांक टाकला, छापला. सरांचा डबा खायचा वेळ होता. उजवा हात डब्यातच ठेवून डाव्याने केली की काय असं वाटावं इतक्या घाईत, न वाचताच सही झाली. शिक्का मी मारला. मॅडमनी हात पुढे केला.

“एक नजर टाकू का, भाऊसाहेब?”

“अहो मॅडम, वाचायचं काय त्याच्यात? बँकेनं घेतलंय हे पत्र. इश्वास न्हाई का माझ्यावर?”

“तसं न्हाई हो.”

“मंग?” असं म्हणत मी पत्राची घडी घातली, पाकिटात सारलं, डिंक लावून पाकीट चिकटवलं आणि जोडावर अर्धा शिक्का मारला. कुणी मागितलं नव्हतं. बाईंच्या कामाला जरा वजन यावं, म्हणून हा थाट. शिवाय माझं काम कुणी तपासावं हे मला रुचलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मॅडम ओशाळल्या. पाकीट पर्समध्ये ठेवून गेल्या.

तपासणीच्या दिवशी मी पोषण आहाराच्या तांदळाची नोंद करत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, मागे माणसांची गडबड.

“भाऊसाहेब, पत्रात दोन्ही जागी नवंच नाव हाय.”

“असं कसं होईल?”

“टेबलावरच्या साहेबांनी वाचून दाखवलं. हे नाव बदलून हेच नाव झालं म्हणे. लोक हसून राह्यले. जुन्या वर्षांचा अनुभव धरता येत न्हाई म्हणतात. बराबर पत्र आणलं तर बघू म्हणले.”

मी नमुना उघडला. होतं तसंच. मॅक्रोने इमानेइतबारे जुनं नाव शोधलं होतं आणि नवं टाकलं होतं. शेकडो फाइलींमध्ये त्याने बरोबर केलं, आणि ज्या एका फाइलीचं सगळं पोटपाणी जुन्या नावावर होतं, तिथेही तेच केलं. त्याला काय कळणार? मला कळायला हवं होतं. पत्र मीच लिहिलं होतं.

जुनं नाव पुन्हा टाकायला कितीसा वेळ लागतो? छापलं. सर परतूरला बैठकीला गेले होते. जालना एका बाजूला, परतूर दुसऱ्या. फोटो चालणार नव्हता, सहीशिक्क्याचं अस्सल पत्र पाहिजे होतं. शिक्का खिशात घालून आधी परतूर गाठलं, बैठकीतून सरांना बाहेर बोलावलं. त्यांनी ह्याही वेळी न वाचताच सही केली. मी म्हणालो, “वाचा की हो साहेब!” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच परतूरचा बीडीओ. मग परत वाटूर, तिथून जालना. मोटारसायकलवर पूर्ण वेळ मी मॅडमना मनातल्या मनात एकच सांगत होतो, थांबा, टेबल सोडू नका.

त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर फाइल, त्यावर ते उघडलेलं पाकीट. मी पत्र घेऊन आत शिरलो. टेबलावरचे साहेब सभ्य होते. त्यांनी पत्र वाचलं, पूर्ण वाचलं, माझ्या समोर. म्हणाले, “हे बराबर आहे. पण गुणतक्त्यावर समितीच्या सह्या झाल्या. बाई म्हणल्या, चुकीची प्रत माझ्याकडूनच आली. मी तुमचं पत्र जोडून ठेवतो, वरचे काय म्हणतील ते.”

मी बाहेर येऊन विचारलं, “तुम्ही असं का सांगितलं? चूक तर माझी.”

“शाळेच्या कागदावर कशाला शंका घेऊ द्यायची? मग अनुभवाचा दाखला बी खोटा म्हणले असते.” फाइल मिटत त्या म्हणाल्या, “तुम्ही जेवले का?”

मी परत आत गेलो आणि साहेबांना सांगितलं की नमुना मी बिघडवला, पाकीट मी चिकटवलं, बाईंना वाचूही दिलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, लिहून द्या. मी तिथेच उभ्याने लिहून दिलं. त्याने माझा जीव हलका होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

वरच्यांनी तक्ता बदलला नाही. ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. त्यांचीही काही चूक नव्हती. आता मी ‘सर्व’ फोल्डर मोडून त्याचे वेगवेगळे फोल्डर केले आहेत. जुनं नाव जिथे राहायलाच हवं ते नमुने बाजूला काढून कुलूपबंद केले आहेत. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

मॅडम अजून येतात. आष्टीहून, परतूरला गाडी बदलून. परवा त्यांना परीक्षेच्या कामाचा आदेश द्यायचा होता. मी तो घडी न घालता, उघडाच खिडकीतून पुढे केला आणि म्हणालो, “मॅडम, आधी वाचून घ्या. मी थांबतो.”

त्यांनी आदेश घेतला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. “वाचायचं काय त्याच्यात, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. आवाजात कुठेही टोमणा नव्हता. तास सुरू व्हायची घंटा झाली होती, त्या वर्गावर गेल्या.