लाल फुली आणि चाचांचा बटनांचा डबा

अन्याय झाला माझ्या सहा वर्षांच्या भाचीवर. गेल्या सोमवारी, सकाळी पावणेअकराला, अकोल्यात, पहिलीच्या वर्गात. वहीत बटनांचं चित्र, खाली हुकूम : गट करा. तिनं दोन भोकांची एका गोलात घेतली, चार भोकांची दुसऱ्यात. बाईंनी लाल फुली मारली. उत्तर म्हणे रंगाचं होतं. प्रश्नात रंगाचा उल्लेखसुद्धा नव्हता! तेव्हापासून पोरगी गणिताची वही उघडेना. "मले गणित येतच नाही," म्हणे.

शनिवारी मी अमरावतीहून निषेधाच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन ताईकडे आले. भाचीला घेऊन शेजारच्या शिंपी चाचांकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले. शाळेला शिव्या घालताना हात असा काही फिरवला, की त्यांचा बटनांचा डबाच उडाला.

"वा, लीडरबाई!" चाचा म्हणाले. "आता लावा सगळे बटन."

चाचांची सात वर्षांची नात खाली बसली. भाची उभीच. नातीनं रंगानं ढीग लावले. लाल-पांढरं एक बटन कुठल्याच ढिगात बसेना, तर त्याचा वेगळा ढीग केला. मग सगळी पुन्हा कालवून मोठी-लहान. मग प्लास्टिकची, लोखंडी, कापड चढवलेली.

"भोकं मोज न," भाची हळूच बोलली. आणि बसली. दोन भोकांची, चार भोकांची. मागं कडी असलेल्यांना भोकंच नव्हती, त्यांचा तिसरा ढीग. बटनं तेवढीच, ढीग दर वेळी नवे.

नातीनं मग एकीकडे स्वतःचा 'लाल', दुसरीकडे भाचीचा 'मोठी' असे ढीग मांडले. मोठ्या लाल बटनावरून झोंबाझोंबी.

"हे माह्या ढिगातलं!" नात ओरडली.

"थांब वं," भाची म्हणाली. "यका वेळी यकच पाहाचं. आधी सारे लाल काढू, मंग त्याच्यातले मोठे."

"रंगवाल्या बाई मुर्दाबाद!" मी ओरडले.

"मावशी, रंगाचंही बरोबर हाये न," भाचीनं मलाच गप्प केलं.

चाचांना काळ्या शेरवानीसाठी चार भोकांचं एक बटन हवं होतं. काजं आधीच झालेली. "रंग थोडा इकडंतिकडं चालते," ते म्हणाले, "माप चुकलं तं बटन काजातून जातच नाही." पोरींनी आधी मापाची बटनं काढली, त्यातली चार भोकांची, त्यातली काळी. तीन उरली. चाचांनी एक उचललं.

"मंग माह्यं चुकलं नोतं?" भाचीनं विचारलं.

"कोन म्हन्ते चुकलं?" चाचा म्हणाले.

पोरीनं घरी येऊन वही उघडली. फुलीशेजारी लिहिलं : भोकं.

सोमवारी ती वही घेऊन मी शाळेत जातेय. तुम्ही इथं वाचत काय बसलात? घरातल्या पोराची वही काढा, फुली शोधा आणि त्याला आत्ताच्या आत्ता विचारा : तू असं काहून केलं?