फ्रीव्हीलची टिकटिक

माझी थोरली बहीण इंदूताई कोणाच्याही अंगणात गेली की तिथल्या सायकलचं मागचं चाक उचलायची, फिरवून सोडायची आणि कान देऊन ऐकायची. टिकटिक नीट आली की म्हणायची, "हिचा श्वास बरा हाय." मगच ओट्यावर टेकायची. गुडघे गेले तरी ही सवय गेली नाही.

तो कान तिला आजोबांच्या सायकलने दिला. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. नागावच्या आमच्या वाडीत ती सायकल खाऱ्या वाऱ्याने गंजून पडली होती. ताई सातवीत असताना शाळेने शर्यत ठेवली. बाबांनी अट घातली: या सायकलने शर्यत पुरी केली, तर हिच्यावरून अलिबागच्या हायस्कुलात जा, वाटेत बंद पडली, तर शिक्षण बंद.

ताईने साखळी घासलेटात भिजवून कडी न् कडी मोकळी केली. चाकांचे छर्रे धुऊन नव्या ग्रीसमध्ये बसवले. मागच्या दातेरी चकतीच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या, पोटात दोन बारीक खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात्यांत अडकून चाक ओढतात. पाय थांबले की दात्यांवरून घसरत टिकटिकतात. तिथे तिने शिलाई मशीनचं पातळ तेल सोडलं. जाड तेलाने खिट्ट्या चिकटतात, हे तिने मला समजावलं. आजोबांना सांगावं, असं दोघींनाही सुचलं नाही.

आजोबा होडीला, बिजागऱ्यांना, स्वतःच्या गुडघ्यांनाही मुशीच्या माशाचं तेल चोळत. टायर जपायचे म्हणून शर्यतीपर्यंत सायकल ओटीवर उभी होती. संध्याकाळी ताई विहिरीवर गेली की ते त्या तेलाची वाटी घेऊन सायकलपाशी बसत.

शर्यतीच्या दिवशी मी खाडीच्या पुलावर उभी होते. ताई चढ चढून आली. उतारावर तिने पाय थांबवले, तेव्हा टिकटिक आलीच नाही. उतार संपल्यावर तिने पायडल मारलं, तर ते नुसतंच फिरलं. साखळी पळत होती, चाक ढिम्म. मुलं पुढे निघून गेली. मी धावत पोहोचले, तेव्हा ती वाकून चकतीचा वास घेत होती. वाळून चिकट झालेलं माशाचं तेल.

सायकल ढकलत आम्ही शाळेपाशी आलो. बाबा पाहून निघून गेले. आजोबांनी चाकावर हात ठेवला. "मी रोज तेल पाजलं गो बाय. तरी कशी थांबली?"

"जुनी झालीय ती, आजोबा," ताई म्हणाली. "तुमच्या तेलानं तर पुलापर्यंत गेली."

आजोबा जाईपर्यंत तेच खरं मानून राहिले. ताईने फ्रीव्हील पुन्हा घासलेटने धुतलं. काही वर्षांनी बाबा निवळले, तोवर तिचं लग्न झालं होतं. त्या सायकलवरून हायस्कुलात मी गेले.

गेल्या महिन्यात ताईचा श्वास अडकू लागला. मी उशाशी कान देऊन बसले होते. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही. तिने शिकवलेलं सगळं मला आठवत होतं. पण इथे उघडून धुण्याजोगं काही नव्हतं.