स्वप्नालीच्या जागी

वर्षाराणी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तेविसाव्या वर्षापर्यंत ती फुटबॉल खेळली. मग गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि खेळणं थांबलं. पण मैदान सुटलं नाही. गेली बारा वर्षं पेठेतल्या मुलींच्या संघाचे आकडे तीच ठेवते. प्रत्येक सामन्याचं चित्रण घरी थांबवत थांबवत बघायचं आणि कुणी किती पास दिले, किती चेंडू हिसकावले, किती गमावले, ते लिहायचं. आपल्याच नव्हे, लीगमधल्या सगळ्या संघांचं.

त्या वर्षी संघाची मधल्या फळीतली स्वप्नाली पोलीस भरतीत निवडली गेली आणि नागपूरला निघाली. संघाचे सचिव उदयसिंह म्हणाले, जास्त गोल मारणारी एखादी पोरगी आणू. वर्षाराणीने नकारार्थी मान हलवली. स्वप्नाली गोल मारतच नव्हती. ती चेंडू परत मिळवायची आणि पुढे द्यायची. तिच्या जागी तसंच खेळणारी हवी होती.

वर्षाराणीने सात प्रकारचे आकडे घेतले. काही मुली अर्धाच वेळ खेळलेल्या, म्हणून प्रत्येकीचा आकडा पूर्ण सामन्यामागे किती पडतो ते काढलं. पाच सामन्यांइतकाही खेळ नसलेल्यांना वगळलं. पास चाळीसच्या घरात आणि हिसकावलेले चेंडू चार-पाच; तसेच मोजले तर पासच सगळं झाकून टाकणार. म्हणून प्रत्येक आकडा त्या प्रकारच्या सरासरीपासून किती दूर आहे, हे तिथल्या नेहमीच्या चढउताराच्या मापात मांडलं. मग स्वप्नालीपासून प्रत्येकीचं अंतर काढलं. सगळ्यात कमी अंतर नेसरी गावच्या संघातल्या दानेश्वरीचं निघालं.

नेसरीचा संघ तळाला होता. हरणाऱ्या संघाकडे चेंडू कमी असतो, त्यामुळे हिसकावण्याचा आकडा आपोआप फुगतो, हे वर्षाराणीला ठाऊक होतं. तिने दानेश्वरीचे चार सामने पुन्हा बघितले. आकडा फुगलेला असला तरी मुलगी खरी होती.

ती नेसरीला गेली. तिथला संघ शाळेतल्या शिवशरण सरांनी नऊ वर्षं खपून उभा केला होता. घरोघरी जाऊन त्यांनी एकेक मुलगी मैदानावर आणली होती. जेमतेम बारा मुली होत्या. दानेश्वरीला कोल्हापुरात वसतिगृह आणि कॉलेज मिळणार होतं. तिच्या आईने लगेच होकार दिला.

"न्या," सर म्हणाले. "पोरीचं भलं हुतंय, मी कशाला आडवू? पर मॅडम, तिच्यासारखी कोण घावंल काय, तेवढं तुमच्या त्या यादीत बघा की."

वर्षाराणीने शब्द दिला.

परतल्यावर तिने दानेश्वरीला मध्यभागी ठेवून तोच हिशेब पुन्हा केला. सगळ्यात जवळची स्वप्नाली निघाली, आणि ती तर गेली होती. त्यानंतरच्या सगळ्या लांबच्या. त्यातल्या दोघी थोड्या बऱ्या, पण दोघी शहरातल्या. नेसरीला कशाला जातील? सरांना हे कसं सांगायचं ते तिला कळेना. आज करते, उद्या करते म्हणत फोन राहिला. सरांनीही कधी विचारलं नाही.

दानेश्वरी छान खेळली. संघाने चषक जिंकला आणि पेठेत हलगी वाजली. उदयसिंह सगळ्यांना सांगत होते, मॅडमनी नुसत्या आकड्यांवरनं हिरा शोधला.

पुढच्या हंगामाच्या नावनोंदणीत नेसरीचं नाव नव्हतं.

वर्षाराणी एका रविवारी एसटीने गेली. मैदानावर गवत गुडघ्याला लागत होतं. सरांनी घरी नेऊन चहा दिला. दानेश्वरी गेल्यावर सामने आठ-आठ गोलांनी जायला लागले, मग एकेक घर मुलीला पाठवेना झालं. दोघींची लग्नं ठरली. शेवटच्या सामन्याला नऊच जणी जमल्या.

"सर, मी यादी बघितली होती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कुणीच नव्हतं. तेवढं सांगायला फोनसुद्धा केला नाही मी."

"मला वाटलंच हुतं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी दानेश्वरीचा खेळ बघायला मागितला. वर्षाराणीने मोबाइलवर अंतिम सामना लावला. सर चष्मा पुसून पुढे वाकले. दानेश्वरीने चेंडू हिसकावला, क्षणभर डावीकडे बघितलं आणि मग उजवीकडे पास दिला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"डावीकडं बघती बघा," सर म्हणाले. "तितनं आमची पूर्णिमा पळायची. सहा वर्सं."

तो सामना वर्षाराणीने तीनदा बघितला होता. ते डावीकडे बघणं तिने कुठेच लिहिलं नव्हतं. सर सामना संपेपर्यंत बघत राहिले, आणि शेवटची एसटी निघायची वेळ झाली म्हणून त्यांनीच तिला उठवलं.